चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय?

पाडवा शनिवारी झाला. गुढीला बांधून उरलेल्या कडुनिंबाच्या दोन डहाळ्या रविवारी सकाळी ओट्यावर तशाच होत्या, आणि त्या वाया कशाला घालवायच्या म्हणून माझ्या भाचीच्या डोक्यातल्या कोंड्याचा विषय निघाला. ती एकोणीस वर्षांची. गडद रंगाचा ड्रेस घातला की खांद्यावर पांढरा भुगा दिसायचा, म्हणून महिनाभर वैतागलेली होती. अर्धी वाटी मेथी रात्रीच भिजत घातली होती. सकाळी तिने ती दोन मुठी पाल्याबरोबर मिक्सरमधून काढली, वर दोन कागदी लिंबं पिळली, आणि लेप नीट ‘आतपर्यंत’ पोचावा म्हणून आधी बारीक दातांच्या फणीने डोकं खरवडून घेतलं. दहाच्या सुमारास लेप लावून झाला.

दहा मिनिटांत डोकं चुरचुरायला लागलं. ती उठून धुवायला निघाली तेव्हा माझी आई म्हणाली, “अगं, चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय. बस थोडा वेळ.” मीही तेच म्हणाले असते, कारण आम्ही सगळ्या हेच ऐकत मोठ्या झालो. लेप लवकर वाळावा म्हणून भाची गच्चीवर उन्हात जाऊन बसली. दीड तासाने धुवायला गेली तर लेपाचं कवच झालेलं. ते नखांनी आणि पुन्हा त्याच फणीने ओरबाडून काढावं लागलं. संध्याकाळी टाळू लालबुंद होती. सोमवारी कातडी ताणल्यासारखी वाटत होती. मंगळवारी सकाळी भांगाच्या रेषेत, कपाळावरच्या केसांच्या कडेला आणि उजव्या कानामागून मानेवर ओघळलेल्या एका पट्ट्यात पाणी भरलेले फोड आले होते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “कुठे काय केव्हा झालं ते वेळेप्रमाणे सांग.” त्या वेळापत्रकावरून त्यांनी सांगितलं की ही एक इजा नाही, तीन आहेत. दहा मिनिटांत झालेली चुरचुर वेगळी, धुताना झालेली सोलवट वेगळी आणि दोन दिवसांनी आलेले फोड वेगळे. एकाच वाटीतल्या लेपाने तीन वेगळ्या रस्त्यांनी कातडी दुखावली होती. हे तीन रस्ते कळले, की या घरगुती औषधांतलं काय ठेवावं आणि काय टाकावं हे आपोआप कळतं.

कोंडा होतो तेव्हा नेमकं काय होतं

कोंडा म्हणजे कोरडी कातडी, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून भरपूर तेल थापलं जातं. प्रत्यक्षात कोंड्याची मुळं तेलातच असतात. आपल्या प्रत्येकाच्या टाळूवर, कोंडा असो नसो, एक सूक्ष्म बुरशी राहते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७४ साली कोंड्याच्या खपल्यांमध्ये तिचं वर्णन केलं, आणि त्यांच्याच नावावरून तिला मॅलेसेझिया म्हणतात. या बुरशीला स्वतःपुरती चरबी तयार करता येत नाही. ती केसांच्या मुळाशी पाझरणाऱ्या आपल्या तेलावर जगते. ते तेल ती फोडते, त्यातला तिला हवा तो भाग खाते आणि उरलेला भाग टाळूवर सोडून देते. या उष्ट्यात ओलेइक आम्ल असतं. काही जणांच्या कातडीला ते सहज सोसतं, काहींच्या सोसत नाही. ज्यांना सोसत नाही त्यांची कातडी चिडते, खाज सुटते आणि ती घाईघाईने नव्या पेशी बनवू लागते.

एरवी कातडीची पेशी खालून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो, आणि ती एकटीच गळते, म्हणून दिसत नाही. घाई झाली की पेशी पुरत्या तयार न होताच, एकमेकींना चिकटलेल्या, पुंजक्यापुंजक्याने गळतात. खांद्यावर दिसतो तो हा पुंजका. वयात येताना टाळूवरचं तेल वाढतं, म्हणून कोंडा साधारण त्याच वयात सुरू होतो. माझ्या भाचीचं वय त्याला अगदी बरोबर जुळतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, तेल थापल्यावर कोंडा गेल्यासारखा वाटतो, कारण खपल्या ओल्या होऊन टाळूला चिकटून बसतात. रात्रभर ठेवलेलं तेल मात्र बुरशीला जेवण ठरू शकतं. दुसरी म्हणजे, कोंडा असलेली टाळू ही आधीच चिडलेली, अर्धवट तयार झालेल्या पेशींची, खाजवून बारीक ओरखडे पडलेली कातडी असते. तिच्यावरचा राखणीचा थर पातळ झालेला असतो. निरोगी हातावर जे लावून काही होत नाही, तेच या टाळूवर लावलं तर जाळतं. घरगुती उपायांचा हिशोब इथून सुरू करायला हवा.

लिंबाचं काम, आणि लिंबाचा भास

लिंबू लावल्यावर डोकं ‘स्वच्छ’ वाटतं, हा अनुभव खोटा नाही. पण त्याचं कारण बहुतेक वेळा कोंड्यात नसून पाण्यात असतं. बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी आणि अंगाला लावायचा साबण एकत्र आले, की पाण्यातला चुना साबणाला धरून एक पांढरा, चिकट साका बनवतो. बादलीच्या कडेला बसणारा थर हाच. तो केसांतही बसतो आणि वाळला की खपलीसारखा झडतो. आम्लाने हा साका सुटतो, म्हणून लिंबाच्या पाण्याने केस एकदम मोकळे, चकचकीत होतात. साका गेला, कोंडा गेला असं वाटलं. बुरशी मात्र होती तिथेच राहिली.

ओळखायची एक सोपी खूण आहे. केसांच्या लांबीवर, टोकापर्यंत पांढरट थर असेल, टाळूला खाज नसेल आणि साबणाऐवजी शाम्पू वापरल्यावर दोन-तीन न्हाण्यांत तो नाहीसा होत असेल, तर तो साका होता. खाज असेल, खपल्या टाळूवरूनच उठत असतील, भुवयांत किंवा नाकाच्या बाजूलाही पिवळसर तेलकट खपली दिसत असेल, तर तो कोंडाच आहे, आणि त्याला लिंबू पुरं पडत नाही.

आता चुरचुरीकडे येऊ. आम्लपणा मोजायच्या पट्टीला पीएच म्हणतात. पट्टीवर आकडा जितका खाली, तितकं आम्ल तीव्र, आणि एकेक आकडा खाली उतरलं की आम्लपणा दहापट वाढतो. टाळूचा पीएच साधारण साडेपाच असतो, म्हणजे आपली टाळू मुळातच किंचित आंबट असते आणि तेच तिला मानवतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो. तीन आकड्यांचा हा फरक म्हणजे हजारपट. तेव्हा ‘टाळूला आम्ल चांगलं’ हे म्हणणं जरी खरं धरलं, तरी थेट पिळलेलं लिंबू हे त्या चांगल्याच्या हजारपट पुढे गेलेलं असतं.

हा रस फणीने पडलेल्या ओरखड्यांत शिरला की उघड्या झालेल्या नसांना झोंबतो. बोटाला चीर असताना लिंबू चिरलं की काय होतं हे प्रत्येकीला ठाऊक आहे. टाळूवर तशा चिरा शेकड्याने असतात, एवढाच फरक. त्यात केस हे ओल्या पोछ्यासारखे रस धरून ठेवतात. हातावरचा रस दोन मिनिटांत वाळतो किंवा पुसला जातो, डोक्यावरचा तास-दीड तास कातडीला भिडून राहतो. लेपात मिसळलेला तर आणखीनच. ही झाली पहिली इजा. तिचं घड्याळ मिनिटांचं असतं. लावल्यापासून पाच-दहा मिनिटांत झोंबलं, धुतल्यावर कमी झालं, पण लाली आणि ताण एक-दोन दिवस राहिला, तर ती सरळसरळ आम्लाने केलेली जखम आहे. चुरचुर ही औषध आत गेल्याची खूण नाही. कातडी ‘थांबा’ म्हणते, ती तिची भाषा आहे.

दोन दिवसांनी आलेले फोड

तिसऱ्या इजेकडे आधी येते, कारण घरात सगळ्यांत कमी माहीत असलेली हीच आहे. दुकानात मिळणारं पातळ सालीचं आपलं कागदी लिंबू ज्या जातीचं आहे, त्याच जातीच्या फळांनी परदेशातही उन्हात लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर असेच फोड आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. या लिंबात, सालीत जास्त आणि रसात कमी, सोरालेन जातीची द्रव्यं असतात. अंधारात ती कातडीवर नुसती पडून राहतात, काही करत नाहीत. त्यांच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की ती जागी होतात आणि पेशींना आतून भाजतात.

ही गोष्ट आपल्या वैद्यकाला नवी नाही. कोडावर बावचीचं बी लावून माणसाला उन्हात बसवायची आयुर्वेदात जुनी रीत आहे. बावचीत हीच द्रव्यं आहेत; सोरालेन हे नावच मुळी बावचीच्या शास्त्रीय नावावरून आलंय. ऊन आणि बावची मिळून कातडीचा रंग परत आणतात, पण मात्रा चुकली की फोड येतात, हे वैद्यांना माहीत होतं म्हणून ते वेळ मोजून बसवत. आपण लिंबू लावून गच्चीवर बसतो तेव्हा तोच प्रयोग वेळ न मोजता, चैत्राच्या उन्हात, नको त्या ठिकाणी करत असतो.

या भाजण्याला ॲलर्जी लागत नाही. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं तर ते कोणालाही होऊ शकतं. त्याचं घड्याळ दिवसांचं आहे: साधारण चोवीस तासांनी लाली, दोन ते तीन दिवसांनी फोड, आणि ते बसले की तपकिरी डाग. त्याची दुसरी खूण म्हणजे आकार. जिथे रस लागला आणि ऊन पडलं तेवढीच जागा भाजते. माझ्या भाचीच्या केसांनी झाकलेल्या टाळूवर एकही फोड नव्हता. भांगाची उघडी रेषा, कपाळाची कड आणि मानेवरचा ओघळ, एवढ्याच जागा उठल्या होत्या. ओघळाची कड तर कुंचल्याने ओढल्यासारखी सरळ होती. डॉक्टरांनी तो ओघळ पाहिला आणि लगेच विचारलं, “उन्हात बसली होतीस ना?” फोड आठवड्यात वाळले. मानेवरचा तपकिरी पट्टा नागपंचमीपर्यंत दिसत होता.

घरी हे ओळखता न येण्याचं कारणही हे घड्याळच आहे. रविवारच्या लिंबाचा आणि मंगळवारच्या फोडांचा संबंध कोणी लावत नाही. मग ‘उष्णता बाहेर पडतेय’ असं म्हणून त्यावर पुन्हा काहीतरी लावलं जातं.

मेथी आणि पाल्याचा वाळलेला लेप

मेथी भिजली की तिच्याभोवती बुळबुळीत थर येतो. तो पाणी धरून ठेवणाऱ्या एका डिंकासारख्या पदार्थाचा असतो. खपल्या मऊ करायला आणि केसांना गुळगुळीतपणा द्यायला हा बुळबुळीत भाग खरंच उपयोगी आहे. पण वाटलेल्या मेथीत त्याच्याबरोबर टरफलाचे बारीक, कडक तुकडेही येतात. मिक्सर कितीही फिरवला तरी ते पूर्ण जात नाहीत. कच्च्या पाल्याच्या वाटणात देठांचे आणि शिरांचे धागे असतात. लेप ओला असेपर्यंत हे सगळं निमूट असतं. वाळला की डिंक आवळतो, तुकडे केसांना आणि खपल्यांना धरून बसतात, आणि काढताना खपलीबरोबर खालची कातडीही सोलली जाते. ही दुसरी इजा. ती धुताना, ओरबाडताना होते आणि धुतलेल्या पाण्याला एखादी लालसर छटा दिसली तर तिथेच कळते.

अशा उघड्या टाळूवर आणखी एक धोका असतो. रात्रभर भिजवलेली मेथी उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबू लागते. डोसाच्या पिठात ती आंबवायला घालतात ते उगीच नाही. उरलेलं वाटण दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून पुन्हा लावलं, तर त्यात वाढलेले जंतू ओरखड्यांत आणि केसांच्या मुळांत शिरतात. दोन-तीन दिवसांनी केसांच्या बुडाशी पूच्या टोकाच्या पुळ्या आल्या तर त्या बहुधा यामुळे असतात.

मेथीची ॲलर्जीही असते, आणि ती हलक्यात घ्यायची नाही. मेथी हरभरा आणि शेंगदाण्याच्या कुळातली. १९९७ साली ॲलर्जीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात भारतीय डॉक्टरांनी मेथीच्या ॲलर्जीच्या दोन घटना नोंदवल्या. त्यांतल्या एका बाईंना जुना दमा होता. त्यांनी कोंड्यासाठीच मेथीची पेस्ट डोक्याला लावली होती. त्यांचं डोकं बधिर झालं, चेहरा सुजला आणि श्वासात शिट्टी वाजू लागली. तेव्हा ज्यांना दमा आहे, किंवा शेंगदाण्याने, हरभऱ्याने अंगावर पित्त उठतं, त्यांनी मेथी डोक्याला लावूच नये. ओठ किंवा पापण्या सुजल्या, दम लागला, तर डोकं धुवत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

कडुनिंबाबद्दलही नीट सांगायला हवं. त्याच्या पाल्यात बुरशीला रोखणारी द्रव्यं आहेत हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण काचेच्या बशीत बुरशीवर ओतलेला अर्क आणि डोक्यावर लावलेला पाला यांत खूप अंतर आहे, आणि पाला झाडागणिक, ऋतूगणिक बदलतो. म्हणून कडुनिंबाने सौम्य कोंडा आणि खाज थोडी कमी होऊ शकते, एवढीच अपेक्षा धरावी. काहींच्या कातडीला कडुनिंबच सोसत नाही. त्यांना एक-दोन दिवसांनी खाज आणि बारीक पुरळ येतं. कडुनिंबाचं तेल घरात असेल तर ते लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. ते पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना उलट्या आणि झटके आल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

जळजळ सुरू झाली तर

घड्याळ पाहू नका, धुवा. कोमट किंवा साधं नळाचं पाणी, डोकं मागे झुकवून, म्हणजे डोळ्यांत ओघळ येणार नाही. निदान पंधरा मिनिटं पाणी वाहू द्यायचं. लेप वाळला असेल तर तो ओरबाडायचा नाही. ओला पंचा दहा मिनिटं डोक्यावर ठेवून तो मऊ करायचा आणि मग बोटांच्या पोटाने, नखं न लावता, पाण्याखाली सोडवायचा. शाम्पू लावायचाच तर सौम्य आणि थोडा. रस डोळ्यात गेला असेल तर उघड्या डोळ्यावर तेवढाच वेळ पाणी सोडायचं.

आम्ल आहे म्हणून त्यावर खाण्याचा सोडा लावायचा मोह होतो. तो टाळावा, कारण चिडलेल्या कातडीला सोड्याचं टोक आम्लाच्या टोकाइतकंच बोचतं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, पुन्हा तेल, यांतलं काहीच नको. माझ्या भाचीने संध्याकाळी लाल टाळूवर तेल लावलं होतं, आणि त्या तेलाने आराम पडला नाही, उलट खाज वाढली. पुढचे दोन-तीन दिवस डोकं उन्हापासून झाकायचं, सैल सुती ओढणीने. कारण धुतल्यावरही कातडीत शिरलेला रस उन्हात काम करू शकतो. फोड आले तर फोडायचे नाहीत. फोड मोठे असतील, पू दिसला, ताप आला किंवा चेहऱ्यावर सूज चढली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

टाळू पूर्ण शांत होईपर्यंत, साधारण आठवडाभर, कुठलाच उपाय करायचा नाही, कोंड्याचा औषधी शाम्पूसुद्धा नाही. भाचीच्या डॉक्टरांनी तिला फक्त एक सौम्य लोशन काही दिवसांसाठी दिलं आणि बाकी सगळं बंद करायला सांगितलं. कोंडा आठवडाभर थांबू शकतो, असं त्या म्हणाल्या.

करायचंच असेल तर असं करा

मेथी आणि कडुनिंब टाकून द्यायची गरज नाही. त्यांचा उपयोगी भाग पाण्यात उतरतो, चोथ्यात नाही. म्हणून वाटायचं नाही, गाळायचं.

कडुनिंबासाठी मूठभर स्वच्छ धुतलेला पाला अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळायचा, झाकून पूर्ण गार करायचा आणि सुती फडक्यातून गाळून घ्यायचा. शाम्पूने डोकं धुतल्यावर हे पाणी टाळूवर सोडायचं, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवायचं. मेथीसाठी दोन चमचे दाणे एका कपात पाणी घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये भिजवायचे आणि सकाळी फक्त वरचं बुळबुळीत पाणी फडक्यातून पिळून घ्यायचं. दाणे भाजीत घाला. हे पाणी टाळूला लावून पंधरा मिनिटांनी, म्हणजे वाळायच्या आत, धुवून टाकायचं. दोन्ही त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं फेकायचं. पहिल्यांदा करताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावून दोन दिवस थांबायचं. तिथे लाली किंवा खाज आली तर डोक्यापर्यंत जायचंच नाही. आठवड्यातून एकदा पुरे. आणि त्याआधी फणीने खरवडणं कायमचं बंद.

लिंबू टाळूवर नकोच. साक्याचा त्रास असेल तर एक लिटर पाण्यात एक लहान चमचा गाळलेला रस, साल न घासता, केसांच्या लांबीवरून फिरवून लगेच साध्या पाण्याने धुवायचा, तोही सूर्य मावळल्यावर. जड पाण्यातला चुना त्यातलं बरंचसं आम्ल खाऊन टाकतो, आणि जे थोडं उरतं ते साक्यापुरतं पुरतं. नंतर हात, कपाळ, कान, मान नीट धुवायची.

पण हे उपाय खाज आणि खपल्या थोड्या कमी करण्यापुरते आहेत. बुरशीलाच कमी करायचं असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारा केटोकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू अधिक भरवशाचा आहे. झिंक पायरिथिओन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेले शाम्पूही चालतात. लोक इथे एक चूक करतात: फेस केसांना लावतात आणि लगेच धुतात. औषध टाळूला हवं असतं, केसांना नाही. भांग पाडत पाडत बोटांनी टाळूवर लावायचं, घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवायचं आणि मग धुवायचं. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मग आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, कारण बुरशी कायमची जात नाही, ती आपल्यासोबतच राहते. कोंडा आटोक्यात ठेवायचा असतो.

चार आठवड्यांनीही फरक नसेल तर तो कोंडा नसू शकतो. केसांच्या कडेच्या बाहेर येणारे जाड, चंदेरी पापुद्रे, आणि कोपर-गुडघ्यांवरही तसंच काही असेल, तर ते सोरायसिस असू शकतं. लहान मुलाच्या डोक्यावर खपलीबरोबर केस तुटून गेल्याचा गोल चट्टा असेल, तर तो बहुधा गजकर्ण असतो, आणि त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं, लेपाने तो जात नाही. पांढरे ठिपके केसाला घट्ट चिकटून असतील, झटकून पडत नसतील, तर त्या लिखा आहेत.

माझ्या भाचीची टाळू दहा दिवसांनी शांत झाली. मग तिने शाम्पू सुरू केला. पहिल्या न्हाण्याला ती पाच मिनिटं मोजत मोरीत बसली होती, आणि आई दारात उभी होती. तिने विचारलं, “चुरचुरतंय का गं?”

“नाही आजी. काहीच नाही.”

“मग बरं आहे,” आई म्हणाली.